काट्याच्या खोलीतून बाहेर जाणाऱ्या ओळी

जिनिंग कारखान्यात सगळ्यात नाजूक जागा कोणती, असं कोणी विचारलं तर बहुतेक जण कापसाच्या गंजीकडे बोट दाखवतील, आगीच्या भीतीने. मी वजनाच्या काट्याकडे दाखवीन. भरलेला ट्रॅक्टर आधी काट्यावर चढतो, माल उतरवून रिकामा पुन्हा चढतो, आणि मधल्या फरकासाठी त्या माणसाने पेरणीपासून वाट पाहिलेली असते. काट्यावर बसणाऱ्याबद्दल नुसती कुजबुज झाली तरी ट्रॅक्टर आमच्या फाटकासमोरून सरळ पुढच्या कारखान्याकडे निघून जातात. ‘काटा मारणे’ हे आमच्याकडे शिवीपेक्षा जरा वरचं आहे. शिवी दिली तर माणूस हसून तरी सोडतो.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी बोलायचं ते बोललोच.

मलकापूरला दोन-चार दुकानं, एक दवाखाना आणि हा एक कारखाना, एवढ्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. कारखान्यात हंगामात रोज चक्कर असते. तिथे शेठ सोडून सगळे मला ‘कॉम्प्युटरवाले’ म्हणतात. शेठ ‘हल्लेवाले’ म्हणतात. त्याची गोष्ट आधी सांगतो, कारण पुढची सगळी फजिती तिच्यातूनच निघाली.

शेठनी माझ्याच आग्रहाने फायरवॉल घेतली. दिसायला सेट-टॉप बॉक्सएवढं डबडं. कारखान्याचं इंटरनेट त्याच्यातून आत येतं आणि त्याच्यातूनच बाहेर जातं. कोणाला सोडलं, कोणाला अडवलं, याची ओळ ते तिथल्या तिथे लिहून ठेवतं. त्या ओळींना लॉग म्हणतात. सोडलेल्या ओळी हिरव्या, अडवलेल्या लाल. बसवल्यानंतर पहिल्यांदा मी तो लॉग उघडला आणि पडद्यावर नुसतं लाल. एक ओळ वाचेपर्यंत चार नव्या. कुठकुठल्या देशांचे पत्ते, कोणी या पोर्टवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या दारावर, धडका देतोय, कोणी त्या. मी शेठच्या केबिनमध्ये पळत गेलो आणि म्हणालो, “शेठ, आपल्यावर हल्ला झाला.”

शेठ उठून उभे राहिले. मी इंटरनेटची वायर उपटली. काट्याची नोंद इंटरनेटवरून चढत असल्यामुळे काटाही थांबला. ट्रॅक्टरची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली आणि रांगेतल्या लोकांनी माझ्या घराण्याचा जो उद्धार केला तो मी इथे लिहीत नाही.

शेवटी मी नागपूरच्या ताईंना फोन केला. ताई कॉलेजात मला दोन वर्षं पुढे होत्या, आता एका मोठ्या कंपनीत हेच काम करतात. मी लाल ओळींचा फोटो पाठवला. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं त्या घाबरल्या. त्या हसत होत्या.

“अबे, हे हल्ला नाही. हे रोजचं आहे. जगातल्या हरेक पत्त्यावर हे होते. मशीन सोडून ठेवल्या आहेत लोकांनी, त्या येकेक दार ठोकून पाहतात. उघडं असलं तर आत, नाही तर पुढे. तुझं दार बंद आहे, म्हणून तर ओळ लाल आहे.”

“मग हे कोणी मुद्दाम आपल्याला धरून नाही करत?”

“तुले कोण धरून करते बे?” ताई म्हणाल्या. “तुले ओळखते कोण?”

तेव्हापासून शेठ रोज मी आत शिरलो की विचारायचे, “या हल्लेवाले. आज किती मेले?” आणि मी काय केलं, तर लाल ओळी वाचणंच बंद केलं. अडवलं ना, मग झालं. हिरव्या ओळींवरून नजर फिरवायची, चहा प्यायचा, पुढच्या गिऱ्हाइकाकडे जायचं.

चहा मी काट्याच्या खोलीतच प्यायचो, लॅपटॉपवर पुढच्या गिऱ्हाइकाचं काम उरकत. खोली लहान, पण खिडकीतून काटा, रांग, फाटक सगळं दिसतं, आणि थंडीत तिथे सकाळी उशिराचं ऊन छान येतं. काट्यावर काका बसायचे. वडनेर भोलजी गावचे, पन्नाशी ओलांडलेले, कमी बोलणारे. शेठच्या वडिलांच्या वेळेपासून काट्यावर. उजाडायच्या आत येऊन बसायचे, कारण लांबचे ट्रॅक्टर पहाटेच लागतात. त्यांच्या टेबलावर काट्याचा कॉम्प्युटर, वर भिंतीला कॅमेऱ्यांचं डबडं आणि एक माइक. माइकवरून ते गाडीचा नंबर पुकारायचे आणि कोणी काट्यावर उभं असेल तर “खाली उतरा” म्हणायचे. माणूस काट्यावर असताना त्यांनी कधी बटण दाबलं नाही, ट्रॅक्टरवर झोपलेलं पोर असलं तरी आधी उतरवायला लावायचे.

एके दिवशी ताईंचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला होता. बोलता बोलता त्यांनी विचारलं, “लाल ओळी पाहतो ना?”

मी म्हणालो, “अडवलेल्या पाहून काय करू?”

“अरे बाप रे,” ताई म्हणाल्या. “ऐक. बाहेरून आत येणारी लाल ओळ, ती सोड. हजार पत्ते, येकदा ठोकलं की गेले. पण आतून बाहेर जाणारी लाल ओळ असली तर तिथं थांब. मतलब घरातलाच कोणी कडी काढून पाहून राह्यला आहे. आन् तेच दार, तोच पत्ता, ठरल्या वेळानं परत परत असलं, तर माणूस नाही करत ते. माणूस कटाळते. मशीन नाही कटाळत.”

दुपार झाली होती. मी शेठच्या केबिनमध्ये त्यांच्या मोठ्या पडद्यावर लॉग उघडला आणि चाळणी लावली: फक्त अडवलेल्या ओळी, आणि त्याही फक्त आपल्या आतल्या पत्त्यांवरून निघालेल्या. लाल पूर ओसरला. मला वाटलं, पडदा कोराच राहील.

कोरा राहिला नाही. त्या एका दिवसाच्याच सत्तर-एक ओळी होत्या. सगळ्या एकाच आतल्या पत्त्यावरून. सगळ्या बाहेरच्या एकाच अनोळखी पत्त्याकडे. कारखान्यात ज्याचं काही काम नाही अशा एका पोर्टवर. आणि वेळ: पाच चाळीस. पाच एक्केचाळीस. पाच बेचाळीस. मिनिटाला एक, न चुकता, सहा पन्नासपर्यंत. मग बंद. आदल्या दिवशीही तसंच, थोड्या वेळाच्या फरकाने. त्याच्या आदल्या दिवशीही.

आतला पत्ता मी ओळखत होतो. तो काट्याच्या खोलीचा होता.

शेठ समोरच बसून एका व्यापाऱ्याशी फोनवर बोलत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी माझं तोंड पाहिलं.

“काय झालं हल्लेवाले?”

इथे मी काय बोलायला हवं होतं? ‘काट्याच्या खोलीतल्या कुठल्यातरी यंत्रातून इंटरनेटवर जाण्याचा संशयास्पद प्रयत्न होतोय, पण तो फायरवॉलने अडवलाय.’ हे एवढं वाक्य मला आता घरी बसून लिहिताना सुचतं. तेव्हा मी म्हणालो, “शेठ, काट्यावरून काहीतरी बाहेर जाऊन राह्यलं.”

शेठ हळूच म्हणाले, “कधी?”

“रोज पहाटे. साडेपाच ते सात.”

“तेव्हा काट्यावर काका येकटेच असतात.”

“हो,” मी म्हणालो. खरं होतं, म्हणून म्हणालो.

शेठ जिनिंगवाल्या घरातले नसते तर कदाचित वेगळं ऐकू आलं असतं. पण जन्मभर ज्याने काट्याचीच भाषा ऐकली त्याला ‘काट्यावरून बाहेर जाणं’ म्हणजे एकच कळतं, वजनातली चोरी. मला वाटलं, डेटा हा शब्द आपण मनात धरलाय तो त्यांनाही ऐकू गेला असेल. मी फायरवॉल, पोर्ट, पत्ता असं काहीतरी पुढे बोलत राहिलो. ते उठून निघून गेले होते.

मी मागून पळालो. ते काट्यापाशी पोचले होते. काट्यावर एक भरलेला ट्रॅक्टर, मागे पाच-सहा, खाली उतरलेली माणसं बिड्या ओढत उभी. शेठ खिडकीपाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “काका, काट्यावरून काय बाहेर जाऊन राह्यलं पहाटे?”

बिड्या थांबल्या.

काकांनी हातातली पावती ड्रायव्हरला दिली, मग चष्मा काढला. “गाडी येते, वजन होते, खाली होते, बाहेर जाते,” ते म्हणाले. “दुसरं काय जाईन शेठ?”

“मले काय विचारता? याले विचारा.” शेठनी मागे न पाहता माझ्याकडे हात केला.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रोज अकराच्या सुमाराला ते माझ्यासाठी खुर्चीवरचा टॉवेल उचलून जागा करायचे, त्याच नजरेने पाहिलं, आणि तेच वाईट झालं. मी म्हणालो, “तसं नाही शेठ, मी इंटरनेटबद्दल—”

रांगेतला एक जण दुसऱ्याला म्हणाला, “काय म्हन्ते रे?”

“काट्यात गडबड हाये म्हन्ते.”

झालं. पुढची दहा मिनिटं मी शेठना केबिनमध्ये समजावत होतो, की वजनाचा याच्याशी संबंध नाही, यंत्रातून एक प्रोग्रॅम कुठेतरी बोलू पाहतोय, कोणी पेन ड्राइव्ह लावला असेल, काही उतरवून घेतलं असेल. शेठनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “कोणी लावला? पहाटे तिथं काकाच असतात ना?”

लॉगमध्ये वेळ लिहिलेली होती.

“उद्या संध्याकाळपर्यंत सांगा काय हाये ते,” शेठ म्हणाले. “नाई सांगितलं, तर परवापासून काट्यावर दुसरा माणूस. मी लोकायले काय तोंड दाखवू? आताच दोन गाड्या फाटकातून परत गेल्या.”

म्हणजे काकांची इतक्या वर्षांची जागा आता माझ्या सत्तर ओळींवर टांगलेली. बाहेर पडताना काका खिडकीतूनच म्हणाले, “कॉम्प्युटरवाले, मी तिथं बटन दाबतो अन् पावती काढतो. दुसऱ्या कशाले हात लावत नाई. तुम्हीच सांगतलं होतं हात लावू नका म्हनून.”

मीच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी कारखान्यात हजर. बेत सोपा होता. साडेपाच ते सात शेठच्या पडद्यावर लॉग चालू ठेवायचा, ओळ आली की पळत काट्याच्या खोलीत जायचं आणि काय चालू आहे ते डोळ्यांनी पाहायचं. लॅपटॉप मुद्दाम घरी ठेवला, पळताना अडचण नको. शेठही मफलर गुंडाळून आले. शेजारी बसले. खिडकीतून दिसत होतं, काट्याच्या खोलीत दिवा लागलाय, काका आलेत, पहिला ट्रॅक्टर चढलाय.

ओळ नाही.

दुसरा ट्रॅक्टर. तिसरा. काकांचा आवाज माइकवरून, “खाली उतरा.” पावती निघाली की काट्याची नोंद हिरव्या ओळीत दिसत होती, म्हणजे खोलीचं इंटरनेट चालू होतं. पण आतून निघालेली लाल ओळ एकही नाही.

“कळलं असंन त्याईले,” शेठ पुटपुटले. “आज नाई करत.”

मला तेच वाटायला लागलं होतं, हे लिहायला लाज वाटते. शेठचं समाधान व्हावं म्हणून मी चाळणी काढली आणि सगळ्या लाल ओळी दाखवल्या. बाहेरून येणारे ठोके धडाधड पडत होते. कोणी आलं, ठोकलं, गेलं.

शेठ पडद्याकडे वाकून पाहत होते. “हे आताचं हाये?”

“आत्ताचं. पाहा, आली अजून एक.”

“मग हे बारा पन्नास काऊन लिवलं?”

मी पाहिलं. नव्या ओळीपुढे शून्य शून्य, पन्नास. पुढची, शून्य शून्य, एक्कावन्न. भिंतीवरच्या घड्याळात सहा वीस झाले होते. मला वाटलं डबडं अडकलं. पान पुन्हा उघडलं. शून्य शून्य, बावन्न. डबडं अडकलं नव्हतं. ते मिनिटाला मिनिट बरोबर चालत होतं, फक्त आमच्या मिनिटाला नाही.

फायरवॉल बसवली त्या दिवशी सुरुवातीला तिने मला एक पान दाखवलं होतं: तुमचा देश निवडा, तुमची वेळ निवडा. मी ‘पुढे’ दाबलं होतं. दाबताना कोणाशी तरी फोनवर बोलतही होतो. तेव्हापासून ते डबडं जगाच्या वेळेत जगत होतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आणि मी कधी वेळेकडे पाहिलंच नव्हतं, कारण दार ठोकणारे काय, चोवीस तास ठोकतात.

मी बोटांवर हिशोब केला. शेठनी तोंडाने केला. माझ्या आधी झाला त्यांचा.

“पाच चाळीस म्हंजे अकरा दहा.”

“हो.”

“ते सहा पन्नास, म्हंजे बारा वीस.”

“हो शेठ.”

“तेव्हा तर पुरा कारखाना जागा असते. काट्याच्या खोलीत अर्धा गाव येऊन जाते चहाले.” त्यांनी मफलर सोडला. खुर्चीत मागे टेकले. खिडकीबाहेर काका चौथी गाडी चढवत होते. मग शेठ म्हणाले, “अकराले पाहू.”

मी घरी गेलो, नाश्ता केला नाही, लॅपटॉप घेतला, अकराला परत. शेठ केबिनमध्ये पडद्यासमोर बसले होते, चाळणी लावून दिली. मी नेहमीसारखा काट्याच्या खोलीत. या वेळी काकांनी खुर्चीवरचा टॉवेल उचलला नाही. मी स्वतः बाजूला करून बसलो, लॅपटॉप उघडला, खोलीच्या वायफायला जोडला, तिथेही लॉग लावला. फोनवर शेठ.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या खोलीत एक छोटं वायफायचं डबडं मीच बसवलेलं आहे. त्याच्या मागे जी काही यंत्रं आहेत ती सगळी फायरवॉलला एकाच पत्त्याने दिसतात. म्हणजे एका घरातल्या चार जणांची पत्रं एकाच नावाने जावीत तसं. लॉग मला ‘काट्याची खोली’ एवढंच सांगणार, त्यातलं कोण ते नाही. ते शोधायचं तर एकेक बंद करून पाहायचं.

अकरा अकराला शेठ फोनवर म्हणाले, “आली.”

माझ्याही पडद्यावर आली होती. लाल. आतून बाहेर. तोच पत्ता, तोच पोर्ट. पुढच्या मिनिटाला दुसरी.

“काका,” मी म्हणालो, “काट्याचा कॉम्प्युटर बंद करावा लागन.”

“गाडी हाये काट्यावर.”

“एवढी झाली की.”

काकांनी गाडी उतरवली, माइकवरून पुढच्याला थांबायला सांगितलं, कॉम्प्युटर बंद केला आणि हात मांडीवर ठेवून बसले. त्यांचं अख्खं आयुष्य ज्या यंत्रात होतं तो पडदा काळा झाला. मी माझ्या पडद्याकडे पाहत होतो. मिनिट किती लांब असतं ते अशा वेळी कळतं. बाहेर कोणीतरी ट्रॅक्टरचा हॉर्न दाबला.

“आली,” शेठ म्हणाले.

काट्याचा कॉम्प्युटर बंद, आणि ओळ आली. काकांनी ते फोनमधून ऐकलं. मांडीवरचा हात सरळ झाला.

कॅमेऱ्यांचं डबडं. त्याची वायर काढली. अशा डबड्यांचा मला जुना संशय असतो, त्यांचे पासवर्ड कोणी बदलत नाही, मीही नव्हता बदललेला. मी मनात म्हणालो, हेच. मिनिट गेलं.

“आली.”

काकांचा मोबाइल. त्यांनी स्वतःच काढून माझ्यापुढे ठेवला. बटणांचा होता, इंटरनेटच नव्हतं त्यात. तरी मी उलटासुलटा करून पाहिला, अपमान पूर्ण व्हावा म्हणून.

“आली,” शेठ म्हणाले. “अजून काय हाये तिथं?”

मी खोलीभर नजर फिरवली. खिडकी, पावत्यांचं यंत्र, माइक, टॉवेल, चहाचे दोन ग्लास. “काहीच नाही शेठ.”

काकांनी चष्मा वर केला आणि माझ्या मांडीकडे पाहिलं. माझ्या मांडीवर लॅपटॉप होता. मी त्याच्यावर लॉग वाचत होतो.

“हा नाही,” मी म्हणालो. “हा माझा आहे.”

“हाव, तुमचाच,” काका म्हणाले.

मी झाकण मिटलं. फोन कानाला लावून बसलो. शेठचा श्वास ऐकू येत होता. मिनिट गेलं. अजून एक गेलं. तिसरं गेलं.

“थांबली,” शेठ म्हणाले.

मी झाकण उघडलं, वायफाय जोडलं जाऊ दिलं.

“आली,” शेठ म्हणाले, आणि मग फोनवरून जो आवाज आला तो हसण्याचा होता की खोकल्याचा ते मला आजही नक्की सांगता येणार नाही.

नंतर ताईंनी लांबून पाहून सांगितलं, मामेभावाच्या लग्नपत्रिकेसाठी जुना मराठी फॉन्ट नव्यात बदलायला मी कुठूनतरी फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं होतं, त्याच्याबरोबर ते पाहुणं आलं होतं. दर मिनिटाला ते आपल्या मालकाला हाक मारायचं, “मी इथं आहे, काय करू?” फायरवॉल दर मिनिटाला ती हाक दाबायची. घरी मात्र माझ्याकडे फायरवॉल नाही. घरी ते मनमोकळं बोललं असेल. सगळे पासवर्ड बदलता बदलता आणि लॅपटॉप कोरा करता करता मी दोन दिवस तोंड लपवून होतो, पण ते नंतरचं.

तेव्हा शेठ केबिनमधून उतरून खिडकीपाशी आले. त्यांचा चेहरा आदल्या दिवशीपेक्षा खूप वेगळा होता. रांग आता फाटकापर्यंत गेली होती, कारण काटा बंद होता.

“काका,” शेठ खालच्या आवाजात म्हणाले, “झालं ते झालं. तुमचं काही नाई यात. बसा तुम्ही.”

काकांनी काट्याचा कॉम्प्युटर सुरू केला. तो चालू होईपर्यंत चष्मा पुसला. मग म्हणाले, “शेठ, काल तुम्ही जथी विचारलं तथीच सांगा, साऱ्यायसमोर.”

शेठनी रांगेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “हे सांगतीन,” म्हणाले. “यायनंच सुरू केलं.”

काकांनी माइक उचलला आणि माझ्या हातात दिला. मी खोलीबाहेर आलो. माइकची वायर लांब होती, गाडीच्या चाकांत अडकू नये म्हणून मी ती ओढत पुढे पुढे गेलो, आणि रांगेतल्या सगळ्यांना दिसावं म्हणून जरा उंचावर उभा राहिलो. काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. फायरवॉल सांगू? पोर्ट सांगू? वेळ साडेपाच तास मागे होती ते सांगू?

“मंडळी,” मी म्हणालो, आणि भोंग्यातून माझाच आवाज गंजीवर आपटून परत आला. “काल काट्यात गडबड हाये असं जे झालं, ते काट्यात नव्हतं. काकांचा काही संबंध नव्हता. ते माझ्या कॉम्प्युटरात होतं. मी चुकीचं घड्याळ वाचलं आणि चुकीच्या माणसावर बोट दाखवलं. वजनाले काही झालेलं नाही.”

मग ट्रॅक्टरवरून एक जण ओरडला, “म्हंजे चोर तुमच्याच थैलीत होता?”

“हो.”

“अन् तुम्हीच धुंडून राह्यले होते?”

“हो.”

“मंग सापडला काऊन नाई लवकर?”

रांग हसली. मागून कोणीतरी म्हणालं की हेच ते, ज्यानं मागं वायर उपटली होती, आणि रांग पुन्हा हसली, या वेळी जुन्या हिशोबासकट. काल फाटकातून परत गेलेल्या दोन गाड्यांपैकी एक आज रांगेत होती, असं नंतर काका म्हणाले. दुसरी आली नाही. तिची त्यांना अजून आठवण आहे, मधूनच नंबरासकट सांगतात.

मी माइक घेऊन तसाच उभा होतो. पुढचा ट्रॅक्टर घरघरत काट्यावर चढला आणि थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. काका खिडकीतून बाहेर वाकले. माइक माझ्याकडे असल्यामुळे त्यांना नुसत्या तोंडाने ओरडावं लागलं.

“कॉम्प्युटरवाले.”

“जी?”

“काट्यावर उभे हाये तुम्ही. खाली उतरा.”

मी पायाखाली पाहिलं. खरंच, काट्याच्या लोखंडी पत्र्याच्या कडेवर उभा होतो. मी उतरलो, वायर गोळा करत खिडकीपाशी गेलो आणि माइक आत दिला. काकांनी तो टॉवेलने पुसला, टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं.